बिलावरचा शून्य नेमका कोणता? बेकरीच्या पाच कागदांवरून जीएसटीची नोंद समजून घेऊ

मागच्या वर्षी ओळखीतल्या एका बेकरीवाल्या चाचांची फाईल माझ्यापुढे आली. मुलाने बी.कॉम. केलंय, हिशोब तोच बघतो. मुलगा मेहनती आहे, कागद सगळे जपून ठेवलेले. पण त्याने एक सोपा नियम धरला होता: बिलावर टॅक्स लावलेला दिसला तर नोंद करायची, टॅक्सच्या रकान्यात शून्य दिसलं तर सोडून द्यायचं. आणि ट्रान्सपोर्टच्या बिल्टीवर "रिव्हर्स चार्ज" असा शिक्का दिसला की डोळे मिटून पाच टक्के भरायचे.

या दोन सवयींमुळे झालं असं, की जिथे एक पैसाही द्यायचा नव्हता तिथे चाचा दर महिन्याला टॅक्स भरत होते, आणि जिथे भरायचा होता तिथे वर्षभर काहीच भरलं नव्हतं. दुसऱ्या चुकीवर व्याज चढत होतं आणि घरात कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

आपल्याकडे बेकरीचा धंदा अनेक घरांत आहे, म्हणून त्याचंच उदाहरण घेतो. आकडे समजायला सोपे व्हावेत म्हणून गोल केले आहेत. दर २२ सप्टेंबर २०२५ नंतरचे आहेत.

शून्य एकच दिसतो, कारणं वेगळी असतात

बिलावर टॅक्सच्या जागी शून्य किंवा रेघ असेल तर त्याचा अर्थ चारांपैकी एक असतो.

पहिला अर्थ: माल किंवा सेवाच करमुक्त आहे. बिलावर "निल रेटेड" किंवा "एक्झेम्प्ट" लिहिलेलं असतं. निल म्हणजे दरच शून्य टक्के, एक्झेम्प्ट म्हणजे सरकारने अधिसूचना काढून माफी दिलेली. कायद्याच्या व्याख्येत हे दोन्ही "एक्झेम्प्ट सप्लाय" मध्येच मोडतात, त्यामुळे आपल्या नोंदीत फरक पडत नाही. टॅक्स नाही, क्रेडिटही नाही.

दुसरा अर्थ: वस्तू जीएसटीच्या बाहेर आहे. डिलिव्हरीच्या गाडीत टाकलेलं डिझेल हे त्याचं रोजचं उदाहरण. त्यावर व्हॅट असतो, पण तो आपल्या जीएसटीच्या हिशोबात येत नाही. सगळी रक्कम खर्चात.

तिसरा अर्थ: विकणारा कंपोझिशन स्कीममध्ये आहे किंवा त्याची नोंदणीच नाही. कंपोझिशनवाल्याला आपल्या बिलावर तसं लिहावं लागतं आणि तो टॅक्स वेगळा लावू शकत नाही. त्याच्याकडून घेतलेल्या मालावर क्रेडिट मिळत नाही.

चौथा अर्थ सगळ्यात फसवा: टॅक्स लागू आहे, पण तो विकणाऱ्याने नाही, घेणाऱ्याने भरायचा आहे. यालाच रिव्हर्स चार्ज म्हणतात. इथे बिलावरचा शून्य म्हणजे "टॅक्स नाही" असं नसून "टॅक्स तुमच्याकडे" असं असतं. नियमाप्रमाणे टॅक्स इन्व्हॉइसवर "टॅक्स रिव्हर्स चार्जने देय आहे का" याचं हो किंवा नाही असं उत्तर असायला हवं. बहुतेक छापील बिलांत ते खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात असतं आणि कुणी वाचत नाही.

आता चाचांच्या एका महिन्याच्या पाच कागदांकडे येऊ. बेकरीची नोंदणी नेहमीची आहे, कंपोझिशनची नाही. महिन्याची विक्री चार लाख: त्यात पाव दोन लाख चाळीस हजारांचा आणि खारी, नानकटाई, केक मिळून एक लाख साठ हजारांचं. पावावर टॅक्स नाही, तो निल आहे. बाकीच्यांवर ५ टक्के. हा ६० आणि ४० चा वाटा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

कागद पहिला: मिलचं मैद्याचं बिल

मैद्याची ५० किलोची पोती, रक्कम ९०,००० रुपये, टॅक्स शून्य. वर "टॅक्स इन्व्हॉइस" नाही, "बिल ऑफ सप्लाय" लिहिलेलं आहे. करमुक्त मालासाठी हाच कागद द्यायचा असतो, त्यामुळे शीर्षकावरूनच अर्धं काम होतं.

मैद्याच्या बाबतीत पोत्याचं वजन बघावं लागतं. पॅक करून लेबल लावलेलं पीठ २५ किलोपर्यंतच्या पॅकमध्ये असेल तर त्यावर ५ टक्के आहे. एकच पोतं २५ किलोपेक्षा मोठं असेल तर नाही. १८ जुलै २०२२ पासून ही पद्धत आहे. म्हणजे मैदा तोच, मिल तीच, पण १० किलोचे पॅक घेतले तर बिलावर टॅक्स येईल आणि ५० किलोचं पोतं घेतलं तर येणार नाही.

नोंद: करमुक्त खरेदी नावे ९०,०००, मिल जमा ९०,०००. टॅक्सच्या कुठल्याही खात्याला हात लावायचा नाही.

कागद दुसरा: व्यापाऱ्याचं मिश्र बिल

एकाच बिलात चार ओळी आहेत:

- साखर ३०,०००, दर ५ टक्के
- वनस्पती तूप २०,०००, दर ५ टक्के
- मीठ १,०००, निल
- गव्हाचं पीठ, ५० किलोची पोती, ९,०००, निल

मालाची बेरीज ६०,०००. टॅक्स मात्र फक्त पहिल्या दोन ओळींवर, म्हणजे ५०,००० वर २,५००. बिल ६२,५०० चं. तळाशी "रिव्हर्स चार्ज: नाही".

अशा बिलात घाईने फक्त शेवटची बेरीज उचलली जाते. सॉफ्टवेअरमध्ये ६०,००० टाकून ५ टक्के निवडलं की ते ३,००० क्रेडिट दाखवतं. पाचशे रुपये जास्त. पोर्टलवर जीएसटीआर-२बी मध्ये २,५०० च दिसतात, आणि महिनाअखेरीस "कुठेतरी जुळत नाही" म्हणून डोकं खाजवत बसावं लागतं. म्हणून मिश्र बिलाची नोंद नेहमी दोन भागांत करावी.

नोंद: ५ टक्क्यांची खरेदी नावे ५०,०००, करमुक्त खरेदी नावे १०,०००, इनपुट सीजीएसटी नावे १,२५०, इनपुट एसजीएसटी नावे १,२५०, व्यापारी जमा ६२,५००.

कागद तिसरा आणि चौथा: एकाच ट्रान्सपोर्टच्या दोन बिल्ट्या

चाचांचे पैसे इथेच जात होते. दोन्ही बिल्ट्या एकाच ट्रान्सपोर्टवाल्याच्या. दोन्हींवर एकच रबरी शिक्का: "जीएसटी कन्साइनीने रिव्हर्स चार्जने भरावा." पहिलीवर माल मैदा, भाडं ४,०००. दुसरीवर माल साखर आणि वनस्पती, भाडं ६,०००.

मुलाने दोन्हींवर ५ टक्के भरले. शिक्का होता ना!

पण ट्रान्सपोर्टवाला तो शिक्का पुस्तकातल्या प्रत्येक पानावर मारून ठेवतो. आत कोणता माल जाणार हे त्याला शिक्का मारताना ठाऊकही नसतं. रिव्हर्स चार्ज कशावर लागतो? करपात्र सेवेवर. सेवाच करमुक्त असेल तर उलटवायला टॅक्सच उरत नाही. आणि ट्रान्सपोर्ट एजन्सीने रस्त्याने नेलेल्या काही मालाचं भाडं करमुक्त आहे: शेतमाल, दूध, मीठ आणि धान्य. धान्यात पीठ, डाळी आणि तांदूळ धरलेले आहेत. मैदा म्हणजे पीठच. म्हणून पहिल्या बिल्टीवर टॅक्स नाही, शिक्का काहीही म्हणो. साखर आणि वनस्पती मात्र त्या यादीत नाहीत, म्हणून दुसऱ्या बिल्टीवर ५ टक्के आहे.

म्हणून बिल्टीत शिक्क्याच्या आधी मालाचा रकाना वाचायचा. त्यानंतर आणखी तीन गोष्टी बघायच्या.

एक, भाडं कुणी द्यायचं आहे. बिल्टीवर "टू पे" असेल तर भाडं माल घेणारा देतो, म्हणून टॅक्सही त्याच्याकडे. "पेड" असेल आणि भाडं माल पाठवणाऱ्या व्यापाऱ्याने दिलं असेल, तर रिव्हर्स चार्जची जबाबदारी त्याची. अशा बिल्टीची प्रत आपल्या फाईलमध्ये असली तरी नोंद करायची नाही.

दोन, ट्रान्सपोर्टवाल्याने स्वतःच टॅक्स लावला आहे का. काही मोठे ट्रान्सपोर्टवाले फॉरवर्ड चार्जचा पर्याय घेतात. त्यांच्या बिलावर तसं घोषणापत्र छापलेलं असतं आणि टॅक्सची रक्कम बिलातच असते. त्यांना पैसे दिले की विषय संपला. त्यावर पुन्हा रिव्हर्स चार्ज भरला तर एकाच भाड्यावर दोनदा टॅक्स दिल्यासारखं होतं.

तीन, बिल्टी आहे तरी का. स्टँडवरचा टेम्पोवाला बिल्टी देत नसेल तर तो ट्रान्सपोर्ट एजन्सी धरला जात नाही, आणि त्याचं भाडं करमुक्त आहे. हमाली आणि टेम्पोची साधी पावती खर्चात टाकायची, बस.

एकाच ट्रकमध्ये मैदा आणि वनस्पती दोन्ही आले आणि भाडं एकच लिहिलं असेल तर स्वतःच्या अंदाजाने रक्कम तोडू नका. ट्रान्सपोर्टवाल्याकडून दोन मालांचं भाडं वेगळं लिहून घ्या. माल उतरण्याआधी फोन केला तर तो देतो, सहा महिन्यांनी कुणी देत नाही.

नोंद, पहिली बिल्टी: भाडेखर्च (करमुक्त) नावे ४,०००, ट्रान्सपोर्ट जमा ४,०००.

नोंद, दुसरी बिल्टी, दोन पायऱ्यांत:

- भाडेखर्च नावे ६,०००, ट्रान्सपोर्ट जमा ६,०००
- आरसीएम इनपुट सीजीएसटी नावे १५० आणि एसजीएसटी नावे १५०. आरसीएम देय सीजीएसटी जमा १५० आणि एसजीएसटी जमा १५०

ट्रान्सपोर्टवाल्याच्या खात्यात ६,००० च राहतात. हे ३०० त्याला द्यायचे नाहीत, सरकारला द्यायचे आहेत. अनेक वह्यांत ही रक्कम ट्रान्सपोर्टवाल्याच्या खात्यात जमा झालेली दिसते आणि मग त्याच्याशी हिशोब कधीच जुळत नाही. ट्रान्सपोर्टवाला दुसऱ्या राज्यातला असेल तर सीजीएसटी आणि एसजीएसटी ऐवजी पूर्ण ३०० आयजीएसटीत जातात.

कागद पाचवा: भाड्याच्या दोन पावत्या

बेकरीची भट्टी एका खाजगी मालकाच्या गाळ्यात आहे, भाडं २०,०००. मालकाची जीएसटी नोंदणी नाही. पाव विकण्याचं काउंटर मात्र मशिदीच्या आवारातल्या, मशीद ट्रस्टच्या दुकानात आहे, भाडं ८,०००. दोन्हीकडून साधी पावती मिळते, टॅक्सचा उल्लेखही नाही. मुलाने दोन्ही पावत्या "टॅक्स नाही" मध्ये टाकल्या. यातली एक बरोबर आहे, एक चूक.

१० ऑक्टोबर २०२४ पासून नियम असा आहे: जागा राहण्याची नसून धंद्याची असेल, मालक नोंदणी नसलेला असेल आणि भाडेकरू नोंदणीकृत असेल, तर भाड्यावरचा १८ टक्के टॅक्स भाडेकरूने भरायचा. मालक पावतीवर "रिव्हर्स चार्ज" लिहिणार नाही, त्याला तो शब्दही माहीत नसतो. म्हणजे कागदावर काहीच खूण नसताना टॅक्स लागू आहे. भट्टीच्या गाळ्याचे महिन्याला ३,६००. चाचांचे वर्षाचे ४३,२०० असेच राहिले होते, आणि उशिरावर वर्षाला १८ टक्के व्याज.

मशिदीच्या दुकानाचं वेगळं आहे. सर्वांसाठी खुल्या असलेल्या धार्मिक स्थळाच्या आवारातली जागा, आयकर कायद्याखाली धर्मादाय किंवा धार्मिक म्हणून नोंदलेल्या ट्रस्टने भाड्याने दिली, तर भाडं करमुक्त आहे. अट अशी की धंद्याच्या दुकानाचं भाडं महिन्याला १०,००० पेक्षा कमी असावं. ८,००० आहे, म्हणून टॅक्स नाही.

आपल्या समाजात ही बाब खूप ठिकाणी लागू पडते, म्हणून मर्यादाही नीट समजून घ्या. भाडं वाढून बरोबर १०,००० झालं तरी सूट गेली, १०,००१ ची वाट बघायला नको. ट्रस्टच्या मालकीची इमारत दुसऱ्या मोहल्ल्यात असेल तर तिला "आवार" म्हणता येत नाही. आणि ट्रस्टची आयकर नोंदणी आहे का, हे मुतवल्ली किंवा सेक्रेटरी साहेबांकडून विचारून तिची प्रत फाईलमध्ये ठेवलेली बरी. सूट गेली आणि ट्रस्टची जीएसटी नोंदणी नसेल, तर टॅक्स भाडेकरू दुकानदाराकडे येतो. १०,००० भाड्यावर १,८००. भाडेवाढीची बोलणी करताना दोन्ही बाजूंना हा आकडा माहीत असला तर पुढची कटकट टळते.

खाजगी गाळ्याच्या नोंदीसाठी आणखी एक कागद लागतो, आणि तो आपणच तयार करायचा: सेल्फ इन्व्हॉइस. मालक नोंदणीकृत नाही, तो इन्व्हॉइस देऊ शकत नाही, म्हणून त्याच्या वतीने आपण स्वतःच्या नावे बनवायचं. १ नोव्हेंबर २०२४ पासून त्याला ३० दिवसांची मुदत आहे. पैसे देताना पेमेंट व्हाउचरही करायचं.

नोंद, भट्टीचा गाळा: भाडं नावे २०,०००, मालक जमा २०,०००. त्यानंतर आरसीएम इनपुट १,८०० आणि १,८०० नावे, आरसीएम देय १,८०० आणि १,८०० जमा.
नोंद, मशिदीचं दुकान: भाडं (करमुक्त) नावे ८,०००, ट्रस्ट जमा ८,०००.

कंपोझिशन स्कीममधल्या दुकानदारांना १६ जानेवारी २०२५ पासून या भाड्याच्या रिव्हर्स चार्जमधून वगळलं आहे. ट्रान्सपोर्टचा रिव्हर्स चार्ज मात्र त्यांनाही भरावा लागतो, आणि क्रेडिट मिळत नाही.

आता महिन्याचा हिशोब

रिव्हर्स चार्जचा टॅक्स रोखच भरावा लागतो. शिल्लक क्रेडिटमधून तो वळता करता येत नाही. दुसऱ्या बिल्टीचे ३०० आणि गाळ्याचे ३,६००, एकूण ३,९०० बँकेतून जातात. मग त्याच महिन्याच्या रिटर्नमध्ये त्यांचं क्रेडिट मागता येतं. पण पूर्ण नाही, कारण बेकरी पावही विकते आणि पाव करमुक्त आहे. करमुक्त विक्रीसाठी वापरलेल्या खर्चाचं क्रेडिट सोडावं लागतं. "भरलं तेवढं परत मिळतं" असं जे सांगितलं जातं, ते पाव विकणाऱ्या बेकरीला लागू नाही.

वनस्पती फक्त खारी आणि नानकटाईत जातं, म्हणून त्याचे १,००० पूर्ण मिळतात. साखर पावातही जाते आणि केकमध्येही. गाळ्याचं भाडं दोन्हींसाठी, आणि साखर-वनस्पतीची बिल्टीही दोन्हींसाठी. हे झालं सामायिक क्रेडिट: साखरेचे १,५००, बिल्टीचे ३००, गाळ्याचे ३,६००, एकूण ५,४००. विक्रीत करमुक्त वाटा ६० टक्के, म्हणून ३,२४० सोडायचे. उरतात २,१६०. त्यात वनस्पतीचे १,००० मिळवले की वापरता येणारं क्रेडिट ३,१६०.

खारी-केकच्या विक्रीवर टॅक्स १,६०,००० वर ५ टक्के, म्हणजे ८,०००. त्यातून ३,१६० वजा, राहिले ४,८४०. त्यात रिव्हर्स चार्जचे ३,९०० धरले की बँकेतून एकूण ८,७४० जातात. सोडलेले ३,२४० खर्चात टाकायचे. पाव किती रुपयांना पडतो हे काढताना तो आकडा धरला नाही तर नफा उगाच जास्त दिसतो.

जीएसटीआर-३बी मध्ये हे असं बसतं:

- पावाची विक्री: `3.1(c)`
- रिव्हर्स चार्जची खरेदी आणि टॅक्स: `3.1(d)`
- रिव्हर्स चार्जचं क्रेडिट: `4(A)(3)`
- बाकी खरेदीचं क्रेडिट: `4(A)(5)`
- सोडलेलं सामायिक क्रेडिट: `4(B)(1)`
- मैदा, मीठ, पीठ अशी करमुक्त खरेदी: तक्ता `5`

साठ टक्क्यांचा वाटा दर महिन्याला बदलतो. रमजानमध्ये पाव जास्त जातो, लग्नसराईत केक. म्हणून वर्ष संपल्यावर पूर्ण वर्षाच्या विक्रीवर हाच हिशोब पुन्हा करून फरक मिटवायचा असतो.

चुकलंय हे ओळखायचं कसं

तीन जागा तपासल्या की बहुतेक चुका सापडतात. `3.1(d)` आणि `4(A)(3)` मधले टॅक्सचे आकडे साधारण बरोबरीने चालायला हवेत. क्रेडिट जास्त आणि भरणा कमी दिसला तर पोर्टल स्वतःच इशारा देतं. दुसरं, खतावणीतलं भाडेखर्चाचं खातं उघडा. दर महिन्याला खाजगी गाळ्याचं भाडं जातंय आणि `3.1(d)` रिकामं आहे, तर काहीतरी राहिलंय. तिसरं, फक्त २बी वर विसंबू नका. नोंदणी नसलेला घरमालक त्यात कधीच दिसणार नाही, आणि फक्त रिव्हर्स चार्जवर चालणाऱ्या अनेक ट्रान्सपोर्टवाल्यांना नोंदणीच लागत नाही, म्हणून त्यांच्या बिल्ट्याही तिथे येत नाहीत. त्यांचा पुरावा फाईलमधला कागद हाच.

चाचांच्या मुलाने आता एक सवय लावली आहे. कागद हातात आला की वरच्या कोपऱ्यात पेन्सिलने एक अक्षर लिहितो: टॅक्स असेल तर "ट", करमुक्त असेल तर "क", जीएसटीबाहेरचा असेल तर "बा", आणि आपण भरायचा असेल तर "उ", म्हणजे उलटा. शंका असली तर प्रश्नचिन्ह, आणि तो कागद अकाउंटंटकडे. राहिलेला भाड्याचा टॅक्स त्यांनी व्याजासकट भरला. मैद्याच्या बिल्टीवर मात्र आता कुणी टॅक्स भरत नाही, शिक्का असला तरी.